पीसीआर दोन अ‍ॅपवर दोन, व्हिक्स गप्प आणि चार्टवर सपोर्ट तुटलेला: आता वाचायचं कसं?

प्रश्न: सर, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघतो, तीन वर्षं चार्टवर ट्रेड करतोय. निफ्टीने महिनाभराचा सपोर्ट तोडला. त्याच वेळी एका अ‍ॅपवर पीसीआर ०.७२ आणि दुसऱ्यावर १.०८. आमच्या सोलापूरच्या ग्रुपवर एक जण म्हणतो पीसीआर कमी म्हणजे मंदी, दुसरा म्हणतो कमी म्हणजे आता उसळी येणार. आणि व्हिक्स तर १३ वरच बसलाय, म्हणजे बाजारात भीतीच नाही. मग चार्टचं ऐकू की या दोघांचं?

उत्तर:

चार्टचंच ऐका. पीसीआर आणि व्हिक्स चार्टच्या विरोधात मत द्यायला बसलेले नाहीत. व्हिक्सवरून स्टॉप किती लांब ठेवायचा आणि माल किती घ्यायचा ते ठरतं. पीसीआरवरून, तोही नीट वाचला तर, कोण कुठे अडकलाय याचा अंदाज येतो. दिशा आणि वेळ मात्र भावावरूनच ठरवायची. ग्रुपवरचा वाद मिटत नाही याला कारण आहे. दोघंही अर्धं बरोबर बोलतायत, आणि दोघं तोच आकडा वेगवेगळ्या नजरेने वाचतायत.

आधी तुमचे दोन आकडे घेऊ. पीसीआर म्हणजे पुटचा आकडा भागिले कॉलचा आकडा. पण कुठला आकडा, हे प्रत्येक अ‍ॅप आपल्या मनाने ठरवतं. समजा या आठवड्याच्या एक्स्पायरीत कॉलचे २० लाख करार उघडे आहेत आणि पुटचे १४.४ लाख. भागाकार ०.७२. आता पुढच्या आठवड्यांच्या, महिन्याच्या आणि लांबच्या सगळ्या एक्स्पायऱ्या मिळून कॉल १० लाख आणि पुट १८ लाख धरा. सगळं एकत्र केलं की कॉल ३० लाख, पुट ३२.४ लाख, आणि भागाकार १.०८. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, पण तुमच्या दोन अ‍ॅपमधला फरक बहुधा असाच पडलेला आहे. लांबच्या एक्स्पायरीत मोठ्या संस्था आपल्या शेअर्सच्या संरक्षणासाठी पुट धरून बसतात. ते महिनोन्‌महिने हलत नाहीत, आणि तुमच्या आजच्या ब्रेकडाऊनशी त्यांचा काही संबंध नसतो.

दुसरी भानगड अशी की काही ठिकाणी पीसीआर ओपन इंटरेस्टवर, म्हणजे उघड्या करारांवर, काढतात, तर काही ठिकाणी दिवसाच्या व्हॉल्यूमवर. अमेरिकेतल्या पुस्तकांत ‘पुट जास्त झाले की गर्दी घाबरली, आता उलट चाला’ असं जे वाचायला मिळतं, ते मुख्यतः व्हॉल्यूमच्या पीसीआरवर बेतलेलं आहे. किरकोळ माणूस ऑप्शन विकत घेतो आणि घाबरला की पुट घेतो, हे त्यात गृहीत आहे. आपल्याकडे टीव्हीवर आणि टेलिग्रामवर जो पीसीआर फिरतो तो ओपन इंटरेस्टचा. तो वाचला जातो ऑप्शन विकणाऱ्याच्या, म्हणजे रायटरच्या नजरेतून: पुट जास्त विकले गेले म्हणजे विकणाऱ्यांना बाजार पडणार नाही याची खात्री आहे, म्हणून जास्त पीसीआर तेजीचा. अमेरिकेतलं वाचन पुट घेणाऱ्याच्या भीतीच्या उलट चालतं, आपलं पुट विकणाऱ्याच्या खात्रीबरोबर जातं; गृहीतकं उलटी, तरी जास्त पीसीआर दोन्हीकडे तेजीचाच निघतो. तुमच्या ग्रुपवरचा मंदीवाला रायटरचं वाचन धरून बसलाय, आणि उसळीवाल्याने ‘उलट चाला’ एवढंच उचलून ते ओपन इंटरेस्टच्या आकड्याला लावलंय.

दोन्ही वाचनांतली खरी गोची मात्र एकच आहे. प्रत्येक उघड्या कराराला एक घेणारा असतो आणि एक विकणारा. ओपन इंटरेस्ट वाढला याचा अर्थ दोघांची गाठ पडली, एवढाच. मार्केट यार्डात आज हजार गोणी कांद्याचा सौदा झाला, इतकंच ऐकून घाई शेतकऱ्याला होती की व्यापाऱ्याला, हे कळत नाही. त्यासाठी भाव कुठे सरकला ते विचारावं लागतं. ऑप्शनमध्येही तसंच. ओपन इंटरेस्टच्या शेजारी प्रीमियम आणि आयव्ही, म्हणजे त्या ऑप्शनच्या भावात धरलेली अपेक्षित हालचाल, पाहिल्याशिवाय तो आकडा मुका आहे.

एनएसईच्या ऑप्शन चेनवर `OI`, `CHNG IN OI`, `IV` आणि `LTP` हे रकाने शेजारी शेजारीच असतात. समजा एक्स्पायरीला तीन दिवस आहेत. सकाळी अकराला निफ्टी २४,२१० वर आहे आणि २४,००० च्या पुटचा भाव ३७, आयव्ही १२.८. दीड वाजता निफ्टी फिरून पुन्हा २४,२१० वर आला. मधल्या वेळात या पुटमध्ये ओपन इंटरेस्ट भरपूर वाढलाय. आता भाव २९ आणि आयव्ही ११.९ दिसत असेल, तर विकणारा घाईत होता. त्याने मिळेल त्या भावात पुट दिले, म्हणजे २४,००० टिकेल यावर त्याने पैसे लावले. उलट भाव ४४ आणि आयव्ही १४.१ असेल, तर घेणारा घाईत होता. त्याला संरक्षण हवं होतं आणि त्यासाठी तो वरचा भाव द्यायला तयार होता. दोन्ही वेळा पीसीआर सारखाच वाढलेला दिसेल. अर्थ मात्र उलटे.

निफ्टी त्याच पातळीवर परत आल्यावरच तुलना करा, असं मी मुद्दाम सांगतोय. निफ्टी शंभर अंक वर गेला तर पुटचा भाव आपोआप उतरतो, आणि त्यावरून विक्री झाली असं म्हणता येत नाही. शिवाय तीन दिवसांच्या पुटमधून अडीच तासांत दीड-दोन रुपये नुसत्या वेळेनेही झिजतात. म्हणून भावापेक्षा आयव्हीवर जास्त भरवसा ठेवा.

स्ट्राइक कुठले मोजायचे, हेही ठरवून घ्या. ऑप्शन विकून पैसे कमवणारे लोक मार्जिन कमी लागावं म्हणून खूप लांबचे दोन-तीन रुपयांचे पुट आणि कॉल विकत घेऊन ठेवतात. तिथे ओपन इंटरेस्टचे डोंगर उभे दिसतात, पण त्यात ना भीती असते ना लोभ, नुसती मार्जिनची सोय असते. मी चालू भावाच्या वर-खाली अडीच-तीन टक्क्यांतलेच स्ट्राइक धरतो. बेरीज हाताने करावी लागते, पाच मिनिटं जातात. अ‍ॅपच्या तयार आकड्यापेक्षा ती बरी.

आणि एक्स्पायरीचा मंगळवार विसरू नका. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी गुरुवारची मंगळवारी आली. त्या संध्याकाळी त्या आठवड्याचे सगळे करार नाहीसे होतात आणि बुधवारी सकाळी पीसीआर नव्या, अर्धवट भरलेल्या चेनवर मोजला जातो. सोमवारी १.२ होता आणि बुधवारी ०.८ झाला, म्हणून कोणाचं मत बदललं असं समजू नका. पाटी कोरी झाली, एवढंच. तुलना करायची तर या बुधवारची मागच्या बुधवारशी करा.

आता तुमचा ०.७२. सपोर्ट तुटला की खालच्या पुट रायटरना तोटा दिसू लागतो आणि ते सौदा कापतात, म्हणजे पुटचा आकडा घटतो. त्याच वेळी वरच्या स्ट्राइकला नवे कॉल विकले जातात, म्हणजे कॉलचा आकडा वाढतो. पीसीआर खाली येणारच. तो ब्रेकडाऊनमुळेच खाली आला. तो चार्टला दुजोरा देणारा वेगळा साक्षीदार नाही, चार्टचीच सावली आहे. ‘सपोर्टही तुटला आणि पीसीआरही पडला, दोन सिग्नल मिळाले’ म्हणून दुप्पट माल विकणारे खूप पाहिलेत. सिग्नल एकच होता, त्यांनी तो दोनदा मोजला.

पीसीआर कामाला येतो तो भाव आणि त्याची गाठ सुटते तेव्हा. निफ्टीने नवा नीचांक केला, पण त्याच एक्स्पायरीतला, जवळच्या स्ट्राइकचा पीसीआर आधीच्या नीचांकाइतका खाली गेला नाही, याचा अर्थ नव्या नीचांकावर कॉल विकायला तेवढे लोक पुढे आले नाहीत, किंवा काहींनी विकलेले कॉल परत घेतले. मग माझी नजर सगळ्यात जास्त कॉल विकलेल्या स्ट्राइकवर जाते. तुमच्या बाबतीत तो तुटलेल्या सपोर्टच्या आसपासच असेल, कारण तिथेच सगळ्यांनी ‘आता हा रेझिस्टन्स’ म्हणून कॉल विकलेले असतात. निफ्टी त्या पातळीच्या वर जाऊन टिकला आणि तिथला ओपन इंटरेस्ट घटू लागला, तर ब्रेकडाऊन फसला असं धरा. अडकलेले कॉल रायटर सौदा कापायला बाजारातच खरेदी करतात, म्हणून अशी उसळी वेगाने येते. उलट भाव त्या पातळीच्या खालीच अडखळला आणि कॉलचा ओपन इंटरेस्ट आयव्ही उतरत उतरत वाढला, तर ब्रेकडाऊन खरा. १.५ च्या वर विका, ०.७ च्या खाली घ्या, असल्या ठोकताळ्यांपेक्षा ही एक जागा जास्त सांगून जाते.

व्हिक्सबद्दल तुम्ही लिहिलंय, ‘१३ वर बसलाय म्हणजे भीतीच नाही’. इथे मात्र मी तुम्हाला अडवणार. इंडिया व्हिक्स एनएसईने २००८ मध्ये सुरू केला. निफ्टीच्या चालू आणि पुढच्या महिन्याच्या, भावापासून लांब असलेल्या कॉल आणि पुटच्या खरेदी-विक्रीच्या बोलींवरून तो काढतात. पुढच्या ३० दिवसांत निफ्टी किती हलेल यासाठी बाजार आज काय किंमत मोजतोय, ती किंमत वार्षिक टक्क्यांत मांडली की झाला व्हिक्स. त्यात दिशा नसते. बाजार पडताना तो सहसा चढतो, कारण पडताना लोक पुटच्या मागे धावतात आणि पडण्याचा वेग चढण्यापेक्षा जास्त असतो. पण मोजला जातो तो वेगच.

म्हणूनच सावकाश पडणाऱ्या बाजारात व्हिक्स तोंड उघडत नाही. २७ सप्टेंबर २०२४ ला निफ्टीने २६,२७७ चा उच्चांक केला. तिथून ४ मार्च २०२५ ला तो २१,९६४ पर्यंत आला, म्हणजे सोळा टक्क्यांहून जास्त घसरण. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सलग पाच महिने लाल, असं १९९६ नंतर पहिल्यांदाच घडलं. या सगळ्या काळात व्हिक्स बहुतेक १३ ते १८ च्या मध्येच घुटमळत होता. २८ फेब्रुवारीला निफ्टी एका दिवसात ४२० अंक पडला, तरी व्हिक्स १४ च्या आसपास. परदेशी संस्था रोज थोडं थोडं विकत होत्या, रोजची हालचाल एक टक्क्याच्या आत-बाहेर होती. ज्यांना संरक्षण घ्यायचं होतं त्यांनी ते आधीच घेतलेलं, आणि आठवड्याचे ऑप्शन विकणाऱ्यांना तर हा संथ बाजार मानवतच होता. व्हिक्स २५ झाला की तळ समजून खरेदी करू, असं ठरवून बसलेल्यांना पाच महिन्यांत एकदाही घंटा ऐकू आली नाही. व्हिक्स कमी आहे म्हणून ब्रेकडाऊन खोटा मानणाऱ्यांचे हाल त्यांच्याहून वाईट झाले.

तो उतार चार्टने आधीच दाखवला होता. प्रत्येक उसळीचा माथा आधीच्या माथ्याखाली राहत होता. आणि उतार थांबला तेही चार्टनेच सांगितलं. सलग दहा सत्रं पडल्यावर ५ मार्चला निफ्टी २२,३३७ वर, म्हणजे आदल्या दिवशीच्या उच्चांकाच्या वर बंद झाला, आणि मार्चअखेरपर्यंत २३,८०० च्या वर जाऊन आला.

मग व्हिक्स चढला कधी? ७ एप्रिल २०२५ ला. हा दिवस सविस्तर पाहण्यासारखा आहे, कारण व्हिक्सचा उपयोग आणि त्याची मर्यादा दोन्ही त्यात दिसतात. शुक्रवारी, ४ एप्रिलला, निफ्टी २२,९०४ वर बंद आणि व्हिक्स १३.८ च्या आसपास. व्हिक्सवरून एका दिवसाची हालचाल काढायची तर १६ ने भागा. वर्षात साधारण २५० दिवस बाजार चालतो आणि त्याचं वर्गमूळ सोळाच्या जवळ येतं, म्हणून १६. उत्तर येतं ०.८६ टक्के, म्हणजे सुमारे २०० अंक. पुढच्या दिवशी निफ्टी एवढा वर-खाली होईल, अशी किंमत बाजार लावत होता. अमेरिकेच्या आयातशुल्काची घोषणा तोवर होऊन गेली होती, तरीही एवढीच. सोमवारी निफ्टी उघडला २१,७५८ वर. अकराशेहून जास्त अंक खाली, अंदाजाच्या पाचपटींपेक्षा जास्त. शुक्रवारचा व्हिक्स सोमवारबद्दल काहीही सांगत नव्हता. उद्या काय होणार ते त्याला माहीत नसतं. आज ऑप्शनला काय भाव मिळतोय, एवढंच तो सांगतो.

त्या सोमवारी नवी पेठेतल्या ऑफिसात सव्वानऊला उभं राहायला जागा नव्हती. जो तो विचारत होता, ‘मालक, पुट घ्यायचा का आता?’ व्हिक्स २० च्या पार. पुटचे भाव शुक्रवारच्या तुलनेत इतके फुगलेले की स्क्रीन चुकलीय की काय असं वाटावं. ज्यांनी तेव्हा घेतले त्यांचं संध्याकाळी काय झालं पाहा. निफ्टी दिवसअखेर शुक्रवारपेक्षा ७४३ अंक खालीच बंद झाला, पण बंद भाव होता २२,१६१. उघडला त्याच्या चारशे अंक वर. दिवस मोठ्या मंदीचा होता आणि सकाळी पुट घेणारा तरीही तोट्यात गेला. उघडल्यानंतर भाव वरच आला, आणि फुगलेल्या व्हिक्समध्ये घेतलेला पुट महागही पडला होता.

चार्ट काय सांगत होता? मोठा गॅप खाली, त्यानंतर २१,७४३ च्या खाली भाव गेलाच नाही, आणि मेणबत्ती उघडण्याच्या बऱ्याच वर बंद. व्हिक्स बंद झाला २२.८ वर, एका दिवसात साठ टक्क्यांहून जास्त चढून. तरी एवढ्यावर मी खरेदी करणार नाही. भीतीचा कळस झाला की नाही, हे त्या संध्याकाळी कोणालाच ठरवता येत नसतं. ८ एप्रिलला निफ्टी २२,५३५ वर, म्हणजे ७ तारखेच्या उच्चांकाच्या वर बंद झाला आणि व्हिक्स उतरला. हा पहिला खरा सिग्नल. ९ तारखेला निफ्टी पुन्हा १३७ अंक पडला, व्हिक्स थोडा वर आला, पण भाव सोमवारच्या तळाच्या जवळही गेला नाही आणि व्हिक्सने २२.८ ओलांडलं नाही. नंतर ११ ला २२,८२८, सुट्टीनंतर १५ ला २३,३२८, आणि तोपर्यंत व्हिक्स १६ च्या आसपास आला होता.

इथे मी व्हिक्सची पातळी पाहिली नाही, त्याचं वळण पाहिलं. पातळी फसवते, आणि किती फसवते ते मार्च २०२० ने दाखवलं. १२ मार्चला निफ्टी ९,५९० वर बंद झाला तेव्हा व्हिक्स ४० च्या वर गेला होता. ‘इतकी भीती म्हणजे तळ’ असं तेव्हा मानणाऱ्याने २३ मार्चला ७,६१० पाहिला. व्हिक्स ८० च्या वर गेला तो २४ मार्चला, म्हणजे बंद भावाचा तळ होऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. ४० हा आकडा टोकाचा होताच, पण टोकाच्या पलीकडेही जागा असते. म्हणून माझा रिवाज असा: व्हिक्स आदल्या दिवसापेक्षा खाली बंद व्हायला हवा आणि भाव आदल्या दिवशीच्या उच्चांकाच्या वर बंद व्हायला हवा. दोन्ही एकाच दिवशी घडलं तरच बघायचं. निफ्टी चढतोय पण व्हिक्स उतरत नाही, अशी उसळी मी सहसा सोडून देतो. लोक वाढीवरही संरक्षण विकत घेतायत, म्हणजे त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.

याला एक ठळक अपवाद आहे, तारीख ठरलेल्या मोठ्या घटनेचा. २०२४ च्या लोकसभा निकालाआधी एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात व्हिक्स १० च्या आसपास होता, मेअखेर २४ च्या वर गेला. त्या मे महिन्यात निफ्टीने नवे उच्चांकही केले. लोक घाबरले होते असं नाही. निकाल कुठल्याही बाजूला मोठी हालचाल देईल, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि त्याची किंमत ऑप्शनमध्ये भरली जात होती. ४ जूनला निफ्टी १,३७९ अंक पडून २१,८८४ वर बंद झाला, व्हिक्स २६-२७ वर. दुसऱ्याच दिवशी निफ्टी ७३५ अंक वर आणि व्हिक्स १९ च्या खाली. अनिश्चितता संपली, तिची किंमतही संपली. निवडणूक निकाल किंवा अर्थसंकल्प समोर असेल तर चढत्या व्हिक्सवरून मंदीचा निष्कर्ष काढू नका.

परत तुमच्या ट्रेडकडे येतो. निफ्टीने सपोर्ट तोडला, व्हिक्स १३. निफ्टी २४,००० धरला तर १३ भागिले १६ म्हणजे ०.८१ टक्के, दिवसाला सुमारे १९५ अंक. ही बाजाराची साधी रोजची धुसफूस आहे. तुम्ही विकून स्टॉप ८०-१०० अंक वर ठेवला, तर तो काहीही न घडता लागेल, आणि मग तुम्ही म्हणाल ब्रेकडाऊन खोटा होता. स्टॉप निदान दिवसाच्या हालचालीएवढा लांब ठेवा, आणि तो तुटलेल्या सपोर्टच्या वर येतोय की नाही तेही बघा. येत नसेल तर भाव सपोर्टकडे परत येईपर्यंत थांबा. व्हिक्स २२ असता तर हीच हालचाल ३३० अंकांची झाली असती. तेव्हा स्टॉप तेवढा लांब न्यायचा आणि लॉट त्याच प्रमाणात कमी करायचे, म्हणजे स्टॉप लागला तरी रुपयातला तोटा तेवढाच राहील. महिनाभराचा पल्ला हवा असेल तर १२ च्या वर्गमूळाने, म्हणजे ३.४६ ने भागा. १३ ला ३.७५ टक्के, २४,००० वर ९०० अंक. साधारण तीनपैकी दोन वेळा निफ्टी या पट्ट्यात राहावा, असा त्याचा हिशोब. तुमच्या चार्टवरचं टार्गेट महिन्यात १,८०० अंक खाली असेल, तर तेवढं होणारच नाही असं नाही, पण ऑप्शनच्या बाजाराला ते दूरचं वाटतंय एवढं ध्यानात ठेवा.

१३ च्या व्हिक्सचा तुमच्या फायद्याचाही एक भाग आहे. दिशा मंदीची ठरलीच असेल, तर फ्युचर विकण्यापेक्षा पुट घेणं अशा वेळी तुलनेने स्वस्त पडतं. ७ एप्रिलसारखा गॅप तुमच्या विरुद्ध बाजूने आला तर नुकसान प्रीमियमपुरतंच राहतं. फक्त पुट या आठवड्याचा घेऊ नका. संथ पडणाऱ्या बाजारात साप्ताहिक पुट तुमची दिशा खरी होईपर्यंत झिजून जातो. महिन्याचा घ्या, आणि त्याची आयव्ही चेनवर पाहून घ्या. व्हिक्स महिन्याच्या करारांवरून निघतो, साप्ताहिक आयव्ही त्याच्याहून बरीच वेगळी असू शकते.

मी स्वतः रोज सव्वातीनला, बाजार बंद व्हायच्या आधी, वहीत एक ओळ लिहितो: निफ्टीचा भाव, व्हिक्स, जवळच्या स्ट्राइकचा पीसीआर, सगळ्यात जास्त कॉल कुठल्या स्ट्राइकला आणि तिथली आयव्ही सकाळपेक्षा वर की खाली. सकाळी पहिली दहा मिनिटं व्हिक्सकडे बघतच नाही. तेव्हा लांबच्या ऑप्शनमध्ये बोली विरळ असतात, घेणाऱ्या-विकणाऱ्याच्या भावात मोठं अंतर असतं, आणि व्हिक्स बोलींवरूनच निघत असल्याने तो उगाच उडालेला दिसतो. पावणेदहापर्यंत बहुतेक वेळा जागेवर येतो.

ग्रुपवर हल्ली एकेका शेअरचा पीसीआर टाकायची टूम निघालीय, म्हणून तेही सांगतो. तो वापरू नका. शेअरच्या ऑप्शनमध्ये सौदे मोजक्या दोन-चार स्ट्राइकलाच होतात, एखाद्या मोठ्या खेळाडूच्या एका सौद्याने पीसीआर १ वरून १.४ होतो. शिवाय शेअर ऑप्शनचा निपटारा २०१९ पासून प्रत्यक्ष शेअर्सच्या देवाणघेवाणीने होतो. एक्स्पायरीच्या आठवड्यात मार्जिन वाढत जातं आणि लोक केवळ त्या कटकटीतून सुटायला सौदे कापतात. त्या आठवड्यात शेअरच्या पीसीआरमध्ये जी हालचाल दिसते, ती बरीचशी याचीच असते.